तक्रारीआधीची दोन वाक्यं

एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे कट झाले. बँकेच्या शाखेत चौकशीच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत तापलेला ग्राहक बहुतेक वेळा हीच तक्रार घेऊन आलेला असतो. स्वतःच्या कष्टाचे पैसे डोळ्यांदेखत नाहीसे झालेले असतात आणि ज्याच्यापुढे ते झाले ते यंत्र उत्तर देत नाही. मग तो शाखेत येतो, समोर दिसेल त्या माणसापुढे उभा राहतो आणि म्हणतो, “तुमची बँक आहे की चोरांचा अड्डा?”

ही अजून तक्रार नाही. तारीख, रक्कम, कुठलं मशीन, त्यानंतर काय झालं, हे सगळं यायचं आहे. पहिला भडका आणि प्रत्यक्ष तक्रार यांच्यामध्ये एक छोटी फट असते आणि त्या फटीत टेबलावरचा माणूस एक-दोन वाक्यं बोलतो. पुढची पंधरा मिनिटं कशी जाणार, हे बहुधा त्या वाक्यांवर ठरतं. शाखांमधल्या मंडळींना ग्राहकांशी बोलण्याचं प्रशिक्षण देताना मला दिसत आलं आहे, की कामाचे नियम त्यांना चोख माहीत असतात. या दोन वाक्यांबद्दल मात्र काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत कर्मचारी आणि ग्राहक दोघंही मोजतात.

गैरसमज : ‘आधी शांत व्हा’ म्हटलं की माणूस शांत होतो

हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. दहा हजार रुपये गेलेत म्हणून तो आला आहे आणि बँकेकडून आलेली पहिली प्रतिक्रिया त्याच्या पैशांबद्दल नसून त्याच्या आवाजाबद्दल आहे. पैसे जाण्याचा एक विषय होता, आता त्याच्या वागण्याचा दुसरा विषय निघाला. “मी शांतच आहे!” हे उत्तर जवळजवळ हमखास येतं, आणि ते आधीपेक्षा वरच्या पट्टीत येतं. “आवाज खाली ठेवून बोला”, “असं बोलायचं काम नाही”, “नीट सांगितलंत तर कळेल ना” ही सगळी याच वाक्याची भावंडं आहेत.

“तुम्ही रागावलेले दिसता” हे वाक्यही मी टाळायला सांगते. समोरच्याची भावना ओळखून ती बोलून दाखवावी, असं बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवतात. घरात, मैत्रीत ते चालतं. काउंटरवर, दहा लोक बघत असताना, ‘तुम्ही रागावलात’ हे समजून घेण्यासारखं न वाटता ठपक्यासारखं लागतं. त्याच्या रागाला नाव देण्यापेक्षा त्याला झालेल्या त्रासाला नाव द्यावं. “तुम्हाला बराच त्रास झालेला दिसतोय” या वाक्यात दोष कुणाचाच नाही, आणि ते खरंही आहे. काम बुडवून, गाडी काढून, ऊन झेलून माणूस शाखेत आला, हाच त्रास.

मग आवाज खाली कसा येणार? सांगून येत नाही, स्वतः खाली बोलून येतो. त्याच्या पट्टीला आपली पट्टी मिळवायची नाही आणि यंत्रासारखं सपाटही बोलायचं नाही. त्याच्यापेक्षा थोडं हळू, पण तितक्याच लक्षपूर्वक बोलायचं. दुसरा उपाय खुर्चीचा. उभ्या माणसाला बसवलं की त्याला आवाज चढवणं अवघड जातं, आणि रांगेतल्या प्रेक्षकांकडे त्याची पाठ होते. प्रेक्षक असताना माघार घेणं कुणालाच सोपं नसतं. म्हणून “या, इथे बसा” हे तीन शब्द “शांत व्हा”चं काम कितीतरी चांगलं करतात.

गैरसमज : बोलू द्यावं पोटभर, वाफ निघाली की आपोआप गार होईल

ही समजूत सर्वांत खोलवर रुजलेली आहे, आणि ती सोशिकपणासारखी दिसते म्हणून तिच्याबद्दल कुणी शंका घेत नाही. कर्मचारी मान खाली घालून बसून राहतो. समोरचा पाच मिनिटं बोलतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि प्रत्येक फेरीत शब्द जास्त धारदार होत जातात.

राग बाहेर काढला की तो संपतो, ही कल्पना अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी तपासून पाहिली. त्यांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग 600 विद्यार्थ्यांवर होता. प्रत्येकाने लिहिलेल्या निबंधावर मुद्दाम झोंबणारे शेरे दिले गेले. मग काही जणांना शेरे देणाऱ्याचा चेहरा मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं शांत बसवून ठेवलं. ज्यांनी त्या माणसाला आठवत ठोसे मारले, ते शेवटी सर्वांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसून राहिलेले सर्वांत कमी आक्रमक राहिले. राग ओकून टाकल्याने तो आटत नाही, उगाळल्याने वाढतो.

याचा अर्थ ग्राहकाला मध्येच तोडावं असा नाही. तोडणं तर फारच वाईट. अर्थ एवढाच, की नुसत्या गप्प बसण्याला ऐकणं म्हणत नाहीत. माणूस तेच तेच पुन्हा सांगतो, कारण ते पोचल्याची खूण त्याला मिळालेली नसते. ती खूण पहिल्याच श्वासाच्या जागी द्यायची असते, आणि तिने त्याला रागाच्या गोष्टीकडून घडलेल्या गोष्टीकडे वळवायचं असतं. “मी लिहून घेते. कधी झालं हे, पहिल्यापासून सांगा.” हातात पेन आणि समोर कोरा कागद घेऊनच हे म्हणावं. लिहून घेतलं जातंय म्हटल्यावर माणूस आपसूक हळू बोलतो, तारखा आठवू लागतो, मोबाइलमधला एसएमएस शोधू लागतो. ‘तुम्ही सगळे असेच’ याच्या जागी ‘तीन तारखेला संध्याकाळी’ येऊ लागतं. आवाज उतरतो तो या वळणावर.

गैरसमज : अनुभवी माणसाला तक्रार चेहऱ्यावरूनच कळते, वेळ कशाला घालवायचा?

“एटीएमचं ना? खाते क्रमांक सांगा.” अनुभवी कर्मचाऱ्याच्या तोंडून येणारं हे पहिलं वाक्य. ते कार्यक्षम वाटतं. यातून काय निसटतं ते एका प्रसंगातून पाहू. अशा तक्रारी शाखेत जशा येतात, त्यांवरूनच तो बेतला आहे.

दहा तारीख, सकाळचे साडेअकरा. पन्नाशीचे गृहस्थ हातात एटीएमची स्लिप घेऊन येतात. “आठ दिवस झाले, माझे दहा हजार खाऊन बसलात!” टेबलावरची कर्मचारी क्रमांक विचारते, संगणकात बघते. तीन तारखेचा व्यवहार, दुसऱ्या बँकेचं मशीन. ती सांगते, “हे आमचं मशीन नाही, त्या बँकेत विचारा.” इथून पुढे संभाषण उरतच नाही, भांडण उरतं.

मुळात हे उत्तर नियमालाही धरून नाही. मशीन कुणाचंही असो, कार्ड ज्या बँकेचं तिनेच तक्रार घ्यायची असते. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत खात्यात परत यायला हवी. हे पाच दिवस कॅलेंडरचे, म्हणजे सुट्ट्या धरून. तीन तारखेचा व्यवहार असेल तर आठ तारखेपर्यंत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे हे गृहस्थ दहा तारखेला आले तेव्हा नियम पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता.

आता तोच प्रसंग दुसऱ्या सुरुवातीने.

“तुमची बँक आहे की काय आहे? आठ दिवस झाले!”

“नमस्कार, या. इथे बसा. आठ दिवस थांबून तुम्हाला यावं लागलं, त्रास झाला. मी स्वतः बघते. काय झालं ते पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेतेय.”

गृहस्थ बसतात, पण आवाज लगेच उतरत नाही. “काय सांगायचं? तीन तारखेला पैसे काढायला गेलो, मशीन नुसतं घरघरलं आणि स्लिप आली. पैसे नाहीत. इथे फोन केला, कुणीतरी म्हणालं येतील आपोआप. आणि पाच तारखेला माझ्या गाडीच्या कर्जाचा हप्ता परत गेला! वर दंड लावलात तुम्ही. सोळा वर्षांत माझा एक हप्ता चुकला नाही, बाई.”

खरी तक्रार इथे बाहेर आली. दहा हजारांपेक्षा त्यांना जास्त झोंबलं होतं ते हप्ता चुकल्याचं. खात्यात रक्कम कमी पडली ती एटीएममुळे, हप्ता परत गेला तो त्यामुळे, आणि दंड बसला तो त्यांना. ‘एटीएमचं ना?’ असं विचारून सुरुवात केली असती तर दहा हजारांची नोंद झाली असती, फाइल बंद झाली असती, आणि महिनाभराने हेच गृहस्थ दंडासाठी दुप्पट चिडून परत आले असते. तक्रारी वारंवार का येतात, याचं एक कारण हे आहे. पहिल्या वेळी अर्धीच ऐकलेली असते.

म्हणून सुरुवातीच्या वाक्यात तक्रारीचा अंदाज असू नये. ‘पहिल्यापासून’ या शब्दामुळे माणूस घडलेलं क्रमाने सांगायला लागतो, आणि तसा क्रम लागला की ज्याचा आपण अंदाजही केला नसता ते बाहेर येतं. खाते क्रमांक लागतोच, पण तो हकीकत झाल्यावर. पहिल्याच वाक्यात क्रमांक मागितला, की माणसाला आपण खात्याचा एक आकडा आहोत असं वाटतं, आणि त्या क्षणी त्याला नेमकं तेच वाटू नये अशी आपली धडपड असते.

यांग ली, ग्रँट पॅकार्ड आणि जोना बर्गर या अभ्यासकांनी ग्राहक-सेवेतली प्रत्यक्ष संभाषणं क्षणाक्षणाने तपासली. आपुलकीची भाषा सुरुवातीला आणि शेवटी जास्त उपयोगी पडते, तर मधल्या भागात कामाची, प्रश्न सोडवणारी भाषा लागते, असं त्यांना आढळलं. शाखेतल्या अनुभवाशी हे अगदी जुळतं. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं. सुरुवातीला रुक्ष चौकशी, आणि मध्येच, काम अडल्यावर, गोड बोलणं. तोपर्यंत त्या गोडव्यावर कुणाचा विश्वास उरलेला नसतो.

गैरसमज : सुरुवातीलाच माफी मागून टाकावी, म्हणजे प्रश्न मिटतो

माफी मागायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो काय झालं हे कळण्याआधी मागितलेल्या माफीला. “सॉरी सर, सॉरी, सॉरी” असं ग्राहकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणणारा कर्मचारी खरं तर त्याला थांबवत असतो. कशाबद्दल माफी, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसतं, आणि चिडलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं.

अमेरिकेत उबर या टॅक्सी-सेवेच्या सुमारे 15 लाख प्रवाशांवर अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोठी पाहणी केली. ज्यांना गाडीमुळे बराच उशीर झाला होता, त्यांच्यापैकी काहींना नुसती माफी पाठवली, काहींना माफीसोबत पुढच्या प्रवासाची थोडी सवलत. नुसत्या माफीचा परिणाम जवळजवळ शून्य होता, आणि पुन्हा पुन्हा उशीर होऊन पुन्हा पुन्हा माफी आली की प्रवासी उलट दुरावले. ती माफी लेखी होती आणि घरबसल्या आलेली होती, समोरासमोरच्या बोलण्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी माफीला वजन येतं ते तिच्या मागून येणाऱ्या कृतीने, हे काउंटरवरही खरं आहे.

वरच्या प्रसंगात माफीची जागा होती, पण ती हकीकत ऐकल्यानंतर. “फोनवर तुमची तक्रार नोंदवून घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नाही. त्याबद्दल माफी मागते.” ही माफी नेमक्या गोष्टीची आहे, म्हणून ती लागू पडते. सुरुवातीला “यावं लागलं, त्रास झाला” एवढं पुरे. ते दोष कबूल करत नाही आणि झटकतही नाही.

गैरसमज : सहानुभूती दाखवली म्हणजे बँकेची चूक मान्य केली

ही भीती विशेषतः नव्या मंडळींना असते. उद्या ग्राहक म्हणेल, ‘तुमच्या मॅडमच म्हणाल्या’. ही भीती पूर्ण निराधार नाही, म्हणूनच वाक्यं नेमकी हवीत. एटीएमच्या तक्रारीत सत्य काय ते मशीनची नोंद, त्या दिवशीची रोकड जुळवणी आणि गरज पडल्यास कॅमेऱ्याचं चित्रण पाहूनच ठरतं. मशीनमध्ये दहा हजार जास्त निघाले तर ग्राहकाचं म्हणणं सरळ सिद्ध होतं. पण क्वचित व्यवहार पूर्ण झाल्याचंही दिसतं. म्हणून “काळजी करू नका, पैसे नक्की मिळतील” हे पहिलं वाक्य कितीही दिलासा देणारं वाटलं तरी ते म्हणू नये. ते उसनं आश्वासन आहे.

म्हणायचं ते आपल्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल. मी ऐकते, मी नोंदवते, मी तक्रार क्रमांक तुमच्या हातात देते, अमुक दिवशी फोन करते. यातलं प्रत्येक वाक्य खरं करून दाखवता येतं. आणि इथे ‘मी’ म्हणावं. ‘आम्ही बघतो’, ‘बघून घेतलं जाईल’, ‘वर कळवलं जाईल’ या वाक्यांमागे कुणीच उभं नसतं, आणि ग्राहक नेमकं कुणीतरी उभं राहावं म्हणून आलेला असतो.

गैरसमज : ‘काका’, ‘मावशी’ म्हटलं की आपलेपणा येतो

येतो, पण प्रत्येकाला नाही. पंचेचाळिशीच्या चिडलेल्या माणसाला पंचविशीच्या मुलाने ‘काका’ म्हणून पाहावं, वाद आणखी कशावरून पेटला हे त्याला कळणारही नाही. ऑफिसातून तडक आलेल्या बाईंना ‘मावशी’ खटकतं. तालुक्याच्या शाखेत वयस्कर शेतकऱ्याला ‘सर’ परकं वाटतं, तिथे ‘या काका’ किंवा ‘दादा’ जास्त बरं. नाव माहीत असेल तर आडनावाला ‘साहेब’ किंवा पहिल्या नावाला ‘राव’, ‘ताई’ जोडावं. यात धोका सर्वांत कमी. काहीच ठरवता येत नसेल तर संबोधनाशिवाय ‘नमस्कार, या’ पुरतं. ‘तुम्ही’ सगळीकडे चालतं. चिडलेल्या माणसापुढे एकदम ‘आपण’वर जाणं कोरडं वाटतं.

गैरसमज : हातातलं काम होईपर्यंत त्याच्याकडे बघू नये

सर्वांत अवघड वेळ ही असते. समोर एक ग्राहक बसलेला, तेवढ्यात दुसरा ओरडत आला. बहुतेक जण खाली बघत राहतात, कारण बघितलं तर बोलावं लागेल. पण न बघितलेल्या माणसाचा राग थांबण्याच्या प्रत्येक मिनिटाला वाढतो, आणि त्याला तो आता अपमानही वाटू लागतो. मान वर करून, डोळ्यांत बघून एवढंच म्हणावं, “दादा, तुम्हाला बघितलं. यांचं दहा मिनिटांत होईल, मग तुमचंच घेते. तोवर तिथे बसा.” दहा मिनिटं लागणार असतील तर दहाच सांगावीत. ‘दोन मिनिटं’ हा शब्द आपल्या कार्यालयांत इतका वापरून झालाय, की तो ऐकला की माणूस पुन्हा तापतो. आणि मग त्याची पाळी आली की त्याने हाक मारायच्या आत आपण हाक मारायची.

गैरसमज : चांगली सुरुवात केली की कुणीही वळतो, न वळला तर आपलंच चुकलं

काही जण वळत नाहीत. काही दारू पिऊन आलेले असतात, काही शिव्यांवर उतरतात, क्वचित कुणी टेबलावर हात आपटतो. अशा वेळी तीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत राहणं कर्मचाऱ्यावर अन्यायाचं आहे. एकदा स्पष्ट सांगावं, “तुमची तक्रार मला घ्यायची आहे. पण शिवी दिलीत तर मी इथून उठेन आणि मॅनेजर साहेबांना बोलावेन.” आणि दुसरी शिवी आली तर खरंच उठावं. म्हटलेलं पाळलं नाही तर ते वाक्य पुढच्या वेळी कुणीच ऐकणार नाही.

धमकी मात्र शिवीसारखी धरू नये. “लोकपालाकडे जातो तुमच्या!” असं कुणी म्हटलं तर तो त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क सांगणं हे चिडण्याचं कारण नव्हे. “जरूर जा. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी लागते, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिकडे जाता येतं. ती लेखी तक्रार मी आत्ताच नोंदवून तुम्हाला पोच देते.” ज्याला वाटेत आडवं येतील असं वाटत होतं, त्याला वाट दाखवली गेली की पुष्कळदा आवाज आपोआप उतरतो.

आणि मॅनेजरकडे नेण्याची वेळ आलीच, तर ग्राहकाला केबिनच्या दारात सोडून परतू नये. आत जाऊन त्याच्यादेखतच सगळं थोडक्यात सांगावं. “साहेब, यांचे तीन तारखेला एटीएममध्ये दहा हजार अडकले. त्यामुळे पाच तारखेचा हप्ता परत गेला आणि दंड बसला. फोन केला होता, नोंद झाली नाही.” ही तीन वाक्यं ऐकताना तो माणूस दारातच मान हलवतो. त्याला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही, आणि ज्या टेबलावर तो ओरडत आला होता, तिथे आपलं ऐकलं गेलं होतं हे त्याला पटतं.